स्टोरीबोर्डात बरणी दर फ्रेमला बदलायची, त्यावर काढलेला तोडगा: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कुठल्या एका ॲपचा नाही, काम करायच्या पद्धतीचा आहे. मी जळगावात छोट्या धंदेवाल्यांसाठी पंधरा-वीस सेकंदांचे व्हिडिओ करतो, उभे, मोबाईलवर बघायचे. मसाले, पापड, केळीचे वेफर्स, असला माल. शूटिंगच्या आधी क्लायंटला स्टोरीबोर्ड म्हणून पाच-सहा फ्रेम दाखवाव्या लागतात, की बाबा पहिल्यांदा हे दिसणार, मग हे, मग शेवटी तुमचा माल. आणि घोळ इथंच होतो, कारण क्लायंट बाकी काही बघत नाही, आपली बरणी बघतो.

बरेच जण आता या फ्रेम एआय इमेज जनरेटरने काढतात, मीही काढायचो. पाचोऱ्याकडच्या एका घरगुती मसालेवाल्या ताईंचं काम होतं, शेवभाजी मसाला, २०० ग्रॅमची प्लॅस्टिकची बरणी, लाल झाकण. बरणीचा फोटो रेफरन्स म्हणून दिला, प्रत्येक फ्रेमचं वर्णन नीट लिहिलं आणि फ्रेम दिसायला एकदम झकास आल्या. ताईंना आवडल्या. त्यांचे सासरे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, त्यांनी मोबाईल डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "हाई बरनी आपली नही शे." बरोबर होतं त्यांचं. एका फ्रेममध्ये झाकण उंच, दुसऱ्यात बसकं, 'शेवभाजी'मधली वेलांटी एका ठिकाणी गायब, २०० चे २००० झालेले, आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका एका फ्रेममध्ये चौकटीबाहेर.

असं का होतं हे समजून घेतलं की वाद घालत बसायची गरज राहत नाही. ही मॉडेलं बरणी कुठे साठवून ठेवत नाहीत, दर वेळी नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून नवं चित्र काढतात. रेफरन्स फोटोमधून त्यांना 'लाल झाकणाची, पिवळ्या लेबलची बरणी' एवढं कळतं, पिक्सेल जसेच्या तसे उचलले जात नाहीत. शिवाय बहुतेक मॉडेल आतल्या आत चित्र खूप लहान करून त्यावर काम करतात आणि शेवटी मोठं करतात, त्यात बारीक अक्षरं आधी मरतात, आणि आपली जोडाक्षरं, काना-मात्रा तर सगळ्यात आधी. सीड नंबर, म्हणजे तो सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा आकडा, तोच ठेवला तरी उपयोग नाही, वर्णन बदललं की चित्र बदलतं. नवी मॉडेलं आकार बऱ्यापैकी धरून ठेवतात हे खरं, पण लेबलवरचा बारीक मजकूर आणि तो १४ आकडी लायसन्स नंबर प्रत्येक फ्रेममध्ये तोच येईल यावर मी पैसे लावणार नाही.

मग मी काम दोन भागांत तोडलं. मागचा देखावा वेगळा, माल वेगळा. देखावा फोटो काढून घ्या नाहीतर जनरेटरकडून घ्या, पण त्यात बरणी मागायचीच नाही. बरणी एकदाच ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी करायची, लेबलची खरी प्रेसची फाईल तिच्यावर गुंडाळायची आणि हव्या त्या अँगलने रेंडर, म्हणजे तिचं तयार चित्र, काढून देखाव्यावर ठेवायची. ब्लेंडर फुकट आहे, माझ्या साध्या लॅपटॉपवर चालतं.

कुणी म्हणेल मग खऱ्या बरणीचेच फोटो काढ ना. काढले असते, पण स्टोरीबोर्डाच्या वेळी लेबल छापूनच आलेलं नसतं. ताईंकडे कोऱ्या बरण्या होत्या आणि लेबल प्रेसमध्ये पीडीएफच्या रूपात. बहुतेक नव्या मालाचं असंच असतं.

बरणी बनवणं वाटतं तितकं अवघड नाही. कोरी बरणी डोळ्याच्या रेषेत ठेवून, लांब उभं राहून झूम करून फोटो काढायचा, जवळून काढला तर पोट फुगलेलं दिसतं. तो फोटो मागे लावून बरणीची फक्त अर्धी बाह्यरेषा काढायची आणि Screw मॉडिफायरने ती गोल फिरवायची, झाली बरणी. मापं मात्र पट्टीने घ्यायची. आमच्या बरणीचा व्यास ७.५ सेंमी, म्हणजे घेर साधारण २३.५ सेंमी. लेबल २२ सेंमी लांब आणि ६ सेंमी उंच, म्हणजे मागे दीड सेंमी फट राहणार. ही फट थ्रीडीतही ठेवावी लागते, नाहीतर लेबल ताणलं जातं आणि अक्षरं किंचित जाड दिसतात, आणि आप्पांसारखा माणूस ते पकडतोच. लेबल ३०० डीपीआयला काढलं की साधारण २६०० बाय ७०९ पिक्सेल होतं, १०८० बाय १९२० च्या फ्रेमला ते पुरतं, फक्त बरणी फ्रेमच्या बाहेर जाईल इतका क्लोजअप असेल तर ६०० ला काढा.

एक सेटिंग मात्र नक्की बदला. पहिल्या रेंडरमध्ये लेबलचा लाल रंग धुतल्यासारखा फिका येतो आणि माणूस लाईट वाढवत बसतो. लाईटचा संबंध नसतो, नव्या ब्लेंडरमध्ये View Transform मुळातच AgX वर असतं, ते भडक रंग मुद्दाम मवाळ करतं. Standard करा, रंग प्रेसच्या फाईलच्या जवळ येतो. Film मध्ये Transparent टिक करा म्हणजे बरणीमागे काही येत नाही, आणि रेंडर इंजिन Cycles निवडून खाली एक सपाट प्लेन ठेवा, त्याला Shadow Catcher करा म्हणजे सावली तेवढी मिळते.

आता आमच्या सहा फ्रेम. पहिली, कढईत तेल तापतंय, बरणी ओट्यावर मागे. दुसरी, हाताने बरणी उचलली. तिसरी, झाकण उघडं, चमचा आत. चौथी, मसाला तेलात पडला, इथं बरणी नाहीच. पाचवी, वाटीत शेवभाजी, बाजूला भाकरी, बरणी जवळ. सहावी, नुसती बरणी. थ्रीडीत त्यासाठी दोन अवस्था केल्या, बंद आणि उघडी, आणि तिसऱ्या फ्रेमनंतर मसाल्याची पातळी किंचित खाली.

देखावे मी ताईंच्याच स्वयंपाकघरात मोबाईलने काढले. जनरेटरकडे शेवभाजी मागितली की तो वर कोथिंबीर आणि क्रीम घातलेली कुठलीतरी हॉटेलची ग्रेव्ही देतो आणि त्यावर भुजिया शेव टाकतो. आपल्याकडची जाड तिखट शेव आणि वर लाल तर्री त्याला माहीतच नाही. खानदेशात हा व्हिडिओ बघणारा माणूस तिथंच स्क्रोल करून पुढे जाईल.

बरणी देखाव्यात बसली की नाही हे ओळखायची माझी खूण म्हणजे झाकणाचा गोल. वरून थोडं तिरकं बघितलं की गोल वस्तूचं तोंड लंबगोल दिसतं. पाचव्या फ्रेममध्ये वाटीचं तोंड बऱ्यापैकी उघडं दिसत होतं आणि बरणीचं झाकण जवळजवळ सरळ रेघ, म्हणजे फोटोचा कॅमेरा उंचावर आणि ब्लेंडरचा खाली. कॅमेरा वर घेतला, दोन्ही लंबगोल सारखे दिसेपर्यंत, आणि बरणी एकदम ओट्यावर टेकली. यासाठीच मी आता प्रत्येक देखावा दोनदा टिपतो, एकदा कोरी बरणी ठेवून आणि एकदा काढून. पहिला फोटो मागे लावून अँगल आणि सावलीची दिशा जुळवायची, दुसऱ्यावर रेंडर चढवायचा.

दुसरी फ्रेम, हाताची, सगळ्यात जास्त वेळ खाते. तिथं कोरी बरणी हातात धरलेला फोटोच वापरावा लागतो. त्यावर लेबलवाला रेंडर बरोबर त्याच जागी, आणि त्याच्यावर पुन्हा फोटोमधली बोटं कापून वेगळ्या लेयरवर. एवढं करूनही बोटं चिकटवल्यासारखी दिसतात, कारण बोटांची सावली लेबलवर पडलेली नसते. मधे एक लेयर Multiply वर टाकून मऊ ब्रशने बोटांच्या कडेला थोडी तपकिरी सावली भरली की हात खरा वाटायला लागतो. हे मी फोटोपीआ या फोटो एडिटरमध्ये करतो, जिंपमध्येही होतं.

आणि एक गोष्ट जी मला नवीन पोरांना सारखी सांगावी लागते. बरणी सगळीकडे एकच हवी म्हणजे एकच कापलेलं चित्र सगळ्या फ्रेममध्ये चिकटवायचं असं नाही. ते लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीमागे काश्मीर लावतात तसं दिसतं. आकार, झाकण, लेबल हे बदलता कामा नये, उजेड मात्र त्या त्या जागेचा हवा. पहिल्या फ्रेममध्ये खिडकी डावीकडे आहे तर बरणीची उजवी बाजू अंधारातच जाणार, तिथं लाल रंग काळपट दिसला तर ती चूक नाही. म्हणून आयड्रॉपरने रंग मोजून फ्रेम तपासू नका. मी दोनच गोष्टी बघतो. सरळ समोरून असलेल्या फ्रेममध्ये झाकणाची उंची आणि बरणीची उंची यांचं प्रमाण सारखं आहे का, आणि सगळ्या फ्रेम एका पानावर लहान करून शेजारी शेजारी लावल्या की कुठली एक डोळ्याला टोचते का. टोचली तर बहुतेक वेळा कॅमेऱ्याचीच भानगड निघते, एखाद्या फ्रेममध्ये लेन्स वेगळी पडलेली असते. सगळ्या फ्रेमला मी लेन्स ५० वर ठेवतो आणि कॅमेराच पुढे-मागे नेतो.

महिने गेले तसा खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी दिसला. फ्रेम पास झाल्यावर ताईंनी लेबल बदललं, पिवळा जरा गडद आणि नाव मोठं. जनरेटरच्या काळात याचा अर्थ सगळं पहिल्यापासून. आता `label_v2.png` च्या जागी `label_v3.png` लावलं, पाच रेंडर पुन्हा काढले, हाताच्या फ्रेमलासुद्धा बोटांचा लेयर तोच राहिला. पुढे त्यांनी काळा मसाला काढला, बरणी तीच, फक्त लेबल आणि आतल्या मसाल्याचा रंग बदलला.

जिथं ही पद्धत मार खाते तेही सांगतो. वेफर्सचं फुगलेलं पाकीट थ्रीडीत करायला जाऊ नका, त्याच्या सुरकुत्या आणि चमक जमवता जमवता जीव जातो. त्याचे मी खरे पाकीट घेऊन तीन-चार अँगलचे फोटो काढतो आणि फ्रेम त्याच अँगलमध्ये बसवतो. मध, तेल, तूप अशा आरपार बाटल्यांमधून मागचा देखावा वाकडा होऊन दिसला पाहिजे, वर ठेवलेल्या रेंडरमध्ये तो येत नाही, तिथं देखाव्याचा फोटो ब्लेंडरमध्येच बाटलीमागे लावावा लागतो आणि तरी समाधान होईल असं नाही. आणि या फ्रेम एआय व्हिडिओ टूलला देऊन हलवायला गेलात तर पहिल्या सेकंदाला लेबल बरोबर असतं, बरणी वळायला लागली की अक्षरं पुन्हा वितळतात. म्हणून क्लायंटला दाखवायला मी एडिटरमध्ये फ्रेमवर नुसता हळू झूम देतो, आणि बरणी फिरवूनच दाखवायची असेल तर ते फिरवणंसुद्धा ब्लेंडरमध्येच करून आणतो, एका सेकंदाला २५ रेंडर लागतात, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायची तयारी पाहिजे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री लाईट टिकेल याचा भरवसा नसल्याने मी रेंडर व्हिडिओ फाईलमध्ये न काढता सुट्या पीएनजीमध्येच काढतो, म्हणजे लाईट गेली तर जिथं थांबलं तिथून पुढे चालू करता येतं.