व्हीपीएन की टॉर? काटापावतीचे फोटो पाठवणाऱ्यासाठी आणि रोजच्या वापरासाठी

व्हीपीएन आणि टॉर दोन्हींनी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर आपल्या जोडणीची ओळख पटवणारा क्रमांक, लपतो, इथवर बहुतेकांना माहीत असतं. निवड करताना मात्र प्रश्न वेगळा विचारावा लागतो. आपण कोण, आणि आपण कोणत्या साइटवर जातोय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कुणाला कळतात?

निपाणीत किंवा खानापुरात बसून काहीच न वापरता साइट उघडली, तर त्या दोन्ही गोष्टी इंटरनेट देणाऱ्याला कळतात, मग ती केबलवाल्याची फायबर लाइन असो की मोबाइलचं सिम. साइटच्या पत्त्यात https असेल तर पानावरचा मजकूर कुलूपबंद असतो, पण साइटचं नाव सहसा दिसतं. व्हीपीएन लावलं की फोनपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत बंद बोगदा तयार होतो आणि केबलवाल्याला फक्त त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. पण आता तुमचा आयपी आणि साइट, दोन्ही व्हीपीएन कंपनीला दिसतात. भरवसा एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला, एवढंच झालं.

टॉरमध्ये हीच वाट तीन संगणकांतून जाते. पहिल्याला, म्हणजे गार्डला, तुमचा आयपी कळतो, साइट कळत नाही. मधल्याला फक्त अलीकडचा आणि पलीकडचा संगणक माहीत. शेवटच्या एक्झिटला साइट दिसते, पण तुम्ही कोण हे कळत नाही. हे संगणक जगभरातले स्वयंसेवक आणि संस्था चालवतात, आणि टॉर ब्राउझर त्यांतले तीन स्वतः निवडतो. म्हणून इथे कुणा एकावर सगळा भरवसा टाकावा लागत नाही. एक्झिट लबाड निघाला तर https नसलेल्या साइटवरचा मजकूर तो वाचू शकतो, हा धोका मात्र खरा आहे.

व्हीपीएन कंपन्यांच्या जाहिरातीत ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे वाक्य हमखास असतं. प्युअरव्हीपीएनच्या जाहिरातीतही होतं. तरी 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं, की त्यांच्याकडच्या नोंदींवरून एफबीआयला आरोपीपर्यंत पोचता आलं. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक आणि त्याला दिलेले आयपी 5 वर्षं जपून ठेवावेत. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. म्हणजे व्हीपीएन ॲपच्या यादीत ‘इंडिया’ दिसलं, तरी तो सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरला असू शकतो. फुकटच्या व्हीपीएनबद्दल इतकंच: सर्व्हरचं भाडं कुठून निघतं हे कळत नसेल, तर ते लावू नये.

वेगात व्हीपीएन सरळ सरळ पुढे आहे. सिंगापूरचा सर्व्हर घेतला तरी चांगल्या लाइनवर व्हिडिओ अडकत नाही, कॉलही होतो. टॉरमध्ये बेळगावहून निघालेली विनंती बहुधा युरोपात दोन-तीन ठिकाणी फिरून येते, आणि सगळ्या वाटेचा वेग त्यातल्या सर्वांत मंद संगणकाइतकाच राहतो. पान उघडायला कित्येक सेकंद लागतात. शिवाय नेटवर डेटा पाठवायच्या पद्धतींपैकी टॉर फक्त टीसीपी वाहून नेतो, कॉलसाठी सहसा लागणारी यूडीपी नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलचा नाद सोडलेला बरा. बँकेचंही तेच. लॉगिन अचानक जर्मनीतून आलं तर बँक खातं अडवू शकते, आणि जिथे स्वतःच्या नावानेच शिरायचंय तिथे टॉरचा उपयोग तरी काय?

आता एक प्रसंग धरून चालू. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करणाऱ्या एकाला काटामारीचा पुरावा, म्हणजे पाच पावत्यांचे फोटो, कोल्हापूरच्या पत्रकाराला पाठवायचे आहेत. आपलं नाव कळता कामा नये.

व्हीपीएनने पाठवले तर पत्रकाराला आणि मेल कंपनीला त्याचा खरा आयपी दिसणार नाही. पण व्हीपीएनचे पैसे यूपीआयने किंवा कार्डने भरले असतील तर नाव तिथेच लागलं. कोणत्या मिनिटाला कोणत्या मेल साइटवर गेला हे ती कंपनी पाहू शकते, आणि तिने ते लिहून ठेवलं असेल तर मागणारा मागू शकतो. या कामाला टॉरच हवा.

टॉर ब्राउझर torproject.org वरूनच उतरवायचा, `Connect` दाबायचं आणि check.torproject.org उघडून जोडणी खरंच टॉरमधून होतेय ना ते बघायचं. हे सगळं कारखान्याच्या वायफायवर करायचं नाही. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फुटला नाही. विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळेच्या आसपास टॉरला कोण जोडलं होतं, एवढंच तपासलं आणि तो सापडला. आपण काय करतोय हे टॉर लपवतो, आपण टॉर वापरतोय हे आपोआप लपत नाही. कारखान्यात दोनशे जण आणि टॉर लावणारा एकटाच असेल, तर पुढचं सांगायला नको. घरच्या लाइनवरही ते झाकायचं असेल तर सेटिंगमधल्या `Connection` मध्ये जाऊन obfs4 किंवा Snowflake ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायची छुपी वाट, निवडता येतो.

मेलसाठी नवं खातं टॉरमधूनच उघडायचं. पुष्कळ सेवा इथे मोबाइल नंबर मागतात. स्वतःचा नंबर दिला की आधीची सगळी मेहनत पाण्यात. जुन्या जीमेलमध्ये शिरणं म्हणजे तर नाव सांगूनच पाठवणं. शिवाय टॉर फक्त त्याच ब्राउझरपुरता चालतो. त्याच फोनवरचं व्हॉट्सॲप नेहमीच्याच वाटेने जातं.

नंबर न मागणारी सेवा मिळाली नाही, तर संगणकावर ऑनियनशेअर हे टॉरमधून फाइल देणारं सॉफ्टवेअर वापरता येतं. त्यात फोटो कुठेही चढवावे लागत नाहीत, ते एक पत्ता तयार करतं आणि पत्रकार त्यावरून थेट आपल्या संगणकातून फाइल उतरवतो. तो पत्ता .onion चा, म्हणजे टॉरच्या आतलाच असल्याने एक्झिट मध्ये येतच नाही. पत्रकाराने फाइल उतरवून घेईपर्यंत संगणक मात्र चालू ठेवावा लागतो, आणि तो लांबलचक पत्ता व किल्ली त्याच्यापर्यंत पोचवायचं काम राहतंच.

उलट, ज्याला फक्त लॉजच्या किंवा होस्टेलच्या वायफायवर आपण काय बघतो ते मालकाला कळू द्यायचं नाही, त्याने टॉरच्या वाटेला जाऊ नये. चांगलं विकतचं व्हीपीएन त्याला पुरतं, आणि ते सगळ्या फोनला लागू होतं. त्यात एक खोट असते. निपाणीहून कोल्हापूरला जाताना रेंज जाते-येते, टॉवर बदलतो, व्हीपीएन क्षणभर तुटतं, आणि तेवढ्यात ॲप खऱ्या आयपीवरून जोडणी करून मोकळी होतात. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या नावापुढच्या दातेरी चाकावर जाऊन `Always-on VPN` आणि `Block connections without VPN` ही दोन्ही बटणं चालू करायची. लागू झालंय का हे पाहायला व्हीपीएन ॲपमधून जोडणी तोडून एखादी साइट उघडायची. उघडली तर गळती आहे. हे केल्यावर व्हीपीएन बंद असताना फोनवर नेटच चालणार नाही, हेही लक्षात असू द्या.

पावत्यांकडे परत येतो, कारण पाठवणारा बहुधा तिथेच पकडला जाईल. मोबाइलच्या फोटोत फोनचं मॉडेल, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही भरलेली असते. त्यातलं टॉर काहीच पुसत नाही, व्हीपीएनही नाही. संगणकावर एक्झिफटूल हे फोटोतली अशी माहिती पुसणारं साधन असेल तर पाठवण्याआधी, फोटोंच्या फोल्डरमध्ये:

```
exiftool -all= *.jpg
```

या आज्ञेनंतर `_original` नावाच्या मूळ प्रती तिथेच राहतात. चुकून त्या पाठवू नयेत. आणि पावतीवर छापलेली वेळ, गाडी नंबर, पावती क्रमांक कोणतंही सॉफ्टवेअर काढत नाही. त्या वेळी पाळीत काट्यावर कोण होतं हे हजेरीपटावरून दोन मिनिटांत निघतं. म्हणून पाचही पावत्या आपल्याच पाळीतल्या देऊ नयेत, वेगवेगळ्या पाळ्यांतल्या निवडाव्यात, आणि फोटो जसाच्या तसा छापू नका असं पत्रकाराला मेलमध्येच लिहावं.