दोन क्रांत्या, एक उत्तर: आधी फ्रान्स मग रशिया, की मुद्द्यागणिक दोन्ही?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांत फ्रेंच आणि रशियन क्रांतीच्या तुलनेचं उत्तर बहुतेकदा असं लिहिलं जातं: आधी दीड पान फ्रान्स, मग उरलेल्या वेळात रशिया. आठवायला हे सोपं जातं, पण रशियाचा भाग आखूड राहतो आणि तुलना शेवटच्या दोन ओळींत कोंबली जाते. तपासायचं असेल तर फ्रान्सचा भाग झाकून रशियाचा वाचा. तो एकटाच पूर्ण वाटला, तर तुलना झालेलीच नाही.

दुसरी पद्धत मुद्द्याची. ‘राजधानीतलं सैन्य’ हा एकच मुद्दा घ्या. 14 जुलै 1789 ला पॅरिसमधले काही सैनिक बॅस्टिलवर चालून गेलेल्या जमावाला मिळाले. 1917 मध्ये पेट्रोग्राडमध्येही, पावासाठी उठलेल्या गर्दीवर गोळीबार करायला सांगितलेल्या पलटणी उलटल्या. इथवर साम्य. पण झार आठवडाभरात पायउतार झाला, तर सोळावा लुई 1792 पर्यंत गादीवर होता. का? रशिया महायुद्धात पोळला होता आणि सेनापतींनीच झारला पद सोडायला सांगितलं. लुईसमोर मात्र राजाला ठेवूनच राज्यघटना करू पाहणारी सभा होती. हा ‘का’ वेगवेगळ्या वर्णनांत सुचतच नाही.

असे तीनच मुद्दे पुरेत. प्रत्येकात साम्य, फरक, कारण. मात्र कालक्रम विस्कटतो, म्हणून सुरुवातीला दोन्हींच्या तारखा दोन ओळींत द्याव्यात.