उद्दिष्टं आधी, कारण मागून: प्रबंधाच्या प्रस्तावनेवर ‘कार्स’ आराखडा सात महिने वापरल्यानंतर

माझा पीएचडीचा विषय शेततळी आणि भूजल. विषय अर्थशास्त्राचा, सिन्नर तालुक्यातली तीन गावं, प्रबंध मराठीत. पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा माझ्या मार्गदर्शक मॅडमना दिला तेव्हा तो 26 पानांचा होता. आठवड्याने परत आला. पाचव्या पानावर मी सहा उद्दिष्टं दिली होती, तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, “ही कुठून आली?” तेविसाव्या पानावर आधीच्या संशोधनात काय राहून गेलं ते मांडलं होतं. तिथे लिहिलं होतं, “हे मला आत्ता का कळतंय?”

या दोन प्रश्नांतच माझ्या प्रस्तावनेचं सगळं दुखणं होतं. मी काय करणार हे आधी सांगत होतो आणि ते का करावं लागतंय हे अठरा पानांनंतर. यात माझी चूक होतीच, पण आपल्याकडच्या प्रबंधाच्या ठरलेल्या साच्याचाही हात होता. पहिल्या प्रकरणात प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती आणि मर्यादा. दुसऱ्या प्रकरणात संदर्भ साहित्याचा आढावा. आणि त्या आढाव्याच्या शेवटी ‘संशोधनातील पोकळी’, म्हणजे आपण सगळे ज्याला रिसर्च गॅप म्हणतो ती. या साच्यात उद्दिष्टं गॅपच्या आधी येणारच. जुने प्रबंध चाळले तर बऱ्याच ठिकाणी हाच क्रम दिसतो आणि नवीन विद्यार्थी तो तसाच उचलतो. मीही उचलला होता.

मॅडमनी मला जॉन स्वेल्स यांचा ‘कार्स’, म्हणजे ‘क्रिएट अ रिसर्च स्पेस’, हा आराखडा वाचायला सांगितला. स्वेल्स भाषाविज्ञानाचे अभ्यासक. संशोधन लेखांच्या प्रस्तावना प्रत्यक्षात कशा लिहिल्या जातात हे त्यांनी अनेक प्रस्तावना तपासून पाहिलं आणि 1990 मध्ये तीन ‘चालीं’चा आराखडा मांडला. पहिली चाल: विषयाचं क्षेत्र आखायचं. दुसरी: त्या क्षेत्रात कुठे जागा रिकामी आहे ते दाखवायचं. तिसरी: ती जागा आपण कशी भरणार ते सांगायचं. ऐकायला इतकं साधं की मला आधी वाटलं, यात नवीन काय? सात महिन्यांनंतर माझं मत असं आहे की यातली दुसरी चाल नीट करणं हेच प्रस्तावनेचं खरं काम आहे. बाकीच्या दोन तिच्या मागेपुढे आपोआप बसतात.

सुरुवात उलट आराखड्याने केली. लिहिण्याआधी करतो तो आराखडा नव्हे, लिहून झालेल्या मजकुराचा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक दिला आणि वेगळ्या कागदावर त्याचं एका वाक्यात सार लिहिलं. त्यापुढे 1, 2 किंवा 3, म्हणजे तो परिच्छेद कोणती चाल चालतो ते. एकूण 41 परिच्छेद होते. दीड दिवस लागला. कागद समोर धरला तेव्हा आकडे असे पळत होते: 1, 1, 1, 3, 3, 1, 1, 1… आणि पहिला 2 थेट छत्तिसाव्या परिच्छेदाला. सात परिच्छेदांपुढे आकडाच घालता येईना. त्यातले चार राज्यातल्या सिंचनाच्या इतिहासाचे होते. मेहनतीने लिहिले होते, पण ते काढले तर पुढच्या एकाही वाक्याला धक्का लागत नव्हता. ते काढले.

त्याच वेळी एक गोष्ट लक्षात आली, ती कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. मराठीत गॅपची चाहूल ‘परंतु’ आणि ‘मात्र’ या शब्दांनी लागते. फाइलमध्ये हे दोन शब्द शोधले तर सतरा जागा निघाल्या. “परंतु प्लास्टिक अस्तराचे आयुष्य संपल्यावर त्याची विल्हेवाट कशी लावली जाते याकडे दुर्लक्ष झाले आहे.” “मात्र महिलांच्या श्रमावर होणारा परिणाम अभ्यासला गेलेला नाही.” बहुतेक ठिकाणी मी एक दार उघडत होतो आणि पुढच्या कुठल्याच उद्दिष्टात त्या दाराने आत जात नव्हतो. परीक्षक व्हायवाला नेमकं तिथेच बोट ठेवतात: हे राहून गेलंय असं तुम्हीच म्हणता, मग तुम्ही का नाही केलं? सतरापैकी तीन ठेवल्या, पाच शेवटच्या प्रकरणातल्या ‘पुढील संशोधनाची दिशा’मध्ये नेल्या, बाकी काढून टाकल्या.

मग मुख्य गॅप. माझं मूळ वाक्य असं होतं: “सिन्नर तालुक्यातील शेततळ्यांवर फारसे संशोधन झालेले नाही, म्हणून प्रस्तुत संशोधन हाती घेतले आहे.” असं वाक्य आपल्याकडच्या असंख्य प्रबंधांत आहे. ते खरं असतं, पण पुरेसं नसतं. एखाद्या तालुक्यात अभ्यास झाला नाही यावरून तो व्हायला हवा असं ठरत नाही. त्या जागेत असं काय आहे की दुसरीकडचा निष्कर्ष तिथे तसाच लावता येत नाही, किंवा दुसरीकडे जे दिसू शकलं नाही ते तिथे दिसेल, हे सांगावं लागतं.

हे लिहायला मला महिना लागला, कारण लेखनापेक्षा वाचन कमी पडत होतं. वाचलेले 34 अभ्यास पुन्हा काढले आणि प्रत्येकाने नक्की कोणाला मोजलं आहे, एवढंच वहीत लिहिलं. चित्र लगेच उभं राहिलं. बहुतेकांनी शेततळं असलेल्या शेतकऱ्याचं उत्पन्न आणि पीकरचना मोजली होती. काहींनी एक पाऊल पुढे जाऊन दाखवलं होतं की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी खोदलेली तळी प्रत्यक्षात विहिरी आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात. शेजारचा शेतकरी, ज्याच्याकडे शेततळं नाही, तो कुठेच नव्हता. नवीन परिच्छेद असा झाला:

“‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 मध्ये सुरू झाली ती कोरडवाहू पिकांना संरक्षित सिंचन मिळावे म्हणून. या पाहणीतील बहुतेक अभ्यासांनी शेततळेधारकाला झालेला लाभ मोजला आहे. काहींनी शेततळी भूजल उपसून भरली जातात हेही नोंदवले आहे. मात्र या उपशाचा भार त्याच पाणलोटातील शेततळे नसलेल्या शेतकऱ्यावर किती पडतो, हे दोन्ही गट एकत्र ठेवून मोजलेले या अभ्यासांत आढळत नाही. सिन्नरच्या बेसाल्ट खडकात भूजल साठायला जागा मर्यादित असते. त्यामुळे हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.”

यात ‘या पाहणीतील’ आणि ‘या अभ्यासांत’ हे शब्द मुद्दाम आहेत. “आजवर कोणीही अभ्यास केलेला नाही” असं लिहिलं की एक लेख सापडला तरी सगळा पाया ढासळतो. आपण किती वाचलं त्या मर्यादेत दावा केला की तो टिकतो. शेवटची दोन वाक्यं तालुक्याचं कारण देतात. सिन्नर आता यादृच्छिक निवड राहिलेली नाही.

गॅप असा नेमका झाल्यावर उद्दिष्टांची स्थिती स्वतःहून उघडी पडली. मूळ सहा अशी होती: योजनेचा अभ्यास करणे, शेततळेधारकांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करणे, पीकरचनेवरील परिणाम अभ्यासणे, भूजलावरील परिणाम तपासणे, शेतकऱ्यांच्या समस्या जाणून घेणे, उपाययोजना सुचवणे. एका आडव्या पानावर मी चार रकाने आखले: गॅपमधला शब्दप्रयोग, त्यातून निघणारा प्रश्न, त्याचं उद्दिष्ट आणि ते उद्दिष्ट पूर्ण करणारी माहिती. सहापैकी फक्त चौथ्या उद्दिष्टाच्या डावीकडे काही लिहिता आलं. सामाजिक-आर्थिक स्थिती ही नमुन्याची ओळख आहे, ती पद्धतीच्या प्रकरणात जाते. उपाययोजना हे निष्कर्षांचं फलित आहे, उद्दिष्ट नव्हे. आणि ‘अभ्यास करणे’ या क्रियापदाला शेवटच नसतो. ते पूर्ण झालं की नाही हे कशावरून ठरवणार?

नवीन तीन उद्दिष्टं अशी: निवडलेल्या गावांतील शेततळी कोणत्या स्रोतातून, कोणत्या महिन्यांत व किती भरली जातात हे मोजणे, शेततळ्यांजवळच्या आणि दूरच्या विहिरींना पाणी किती महिने टिकते याची तुलना करणे, शेततळे नसलेल्या कुटुंबांवर त्यामुळे पडणाऱ्या जादा खर्चाचा अंदाज बांधणे. यांचा क्रम बदलता येत नाही. पहिल्याचं उत्तर ‘पावसाच्या पाण्याने’ असं आलं तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही आणि दुसऱ्यात फरक दिसला नाही तर तिसरं उभं राहत नाही. क्रम बरोबर आहे की नाही हे ओळखायला मला यापेक्षा चांगली कसोटी सापडली नाही: दोन उद्दिष्टांची अदलाबदल करून पाहायची. काहीच बिघडलं नाही, तर ती एका साखळीत नाहीत.

या तक्त्याचा आणखी एक उपयोग झाला. गॅपमध्ये मी ‘पाणीटंचाई’ लिहिलं होतं, प्रश्नात ‘भूजल पातळी’ आणि उद्दिष्टात ‘जलसुरक्षा’. लिहिताना वाटतं की शब्दांची पुनरुक्ती टाळतोय. निबंधात ते चालेल. इथे मात्र शब्द बदलला की मोजायची गोष्टच बदलते. आता तिन्ही ठिकाणी ‘विहिरीला पाणी टिकण्याचा काळ’ आहे. वाचायला रटाळ वाटतं, तरी तसंच ठेवलं आहे.

आराखडा कुठे कमी पडतो तेही सांगायला हवं. तो मुळात लेखांच्या छोट्या प्रस्तावनांवरून बेतलेला आहे. प्रबंधाच्या लांब प्रकरणात तीन चाली एकदाच येत नाहीत. योजनेच्या भागात एक छोटी फेरी, भूजलाच्या भागात दुसरी, अशा त्या फिरून येतात. मी आधी सगळं एका सरळ रेषेत कोंबायचा प्रयत्न केला आणि भूशास्त्राची माहिती गॅपच्या फार आधी, संदर्भाशिवाय पडली. नंतर फेऱ्या ठेवल्या, फक्त प्रत्येक फेरीचा शेवट मुख्य गॅपकडे वळवला. दुसरं म्हणजे ‘रिकामी जागा’ ही कल्पना सगळ्या विषयांना सारखी लागू पडत नाही. माझी एक मैत्रीण जात्यावरच्या ओव्यांवर काम करते. तिच्याकडे न अभ्यासलेलं काही दाखवण्यापेक्षा आधीच्या वाचनाशी मतभेद मांडायचा होता. स्वेल्स यांच्या दुसऱ्या चालीत प्रतिदावा करणं, प्रश्न उभा करणं आणि आधीची परंपरा पुढे नेणं हेही पर्याय आहेत. तिला प्रतिदावा जुळला. मानव्यविद्यांतल्या कोणी हे वापरणार असेल तर तिथून सुरुवात करावी.

साच्याचा प्रश्न आम्ही असा सोडवला की दुसरं प्रकरण जसंच्या तसं ठेवलं. पहिल्या प्रकरणात उद्दिष्टांच्या आधी साहित्याचा दीड पानी सारांश आणि गॅप आला. तपशीलवार आढावा पुढे आहेच. प्रकरण आता 17 पानांचं आहे, गॅप सहाव्या पानावर आणि उद्दिष्टं सातव्या.

सर्वांत जास्त वेळ मात्र लेखनाबाहेर गेला. नोंदणीच्या वेळी मंजूर झालेल्या सिनॉप्सिसमध्ये जुनी सहा उद्दिष्टं होती. ती परस्पर बदलता येत नाहीत. संशोधन सल्लागार समितीपुढे सहामाही सादरीकरणात मी तो चार रकान्यांचा तक्ताच ठेवला आणि कोणतं उद्दिष्ट कुठे गेलं ते दाखवलं. पीकरचना का वगळली, असं एका सदस्यांनी विचारलं. ती तिसऱ्या उद्दिष्टातल्या खर्चात रब्बीचं सोडलेलं क्षेत्र म्हणून येते, हे तक्त्यावर दाखवता आलं. शीर्षक तेच राहिल्यामुळे बदल इतिवृत्तात नोंदवून मान्य झाला. हे करणार असाल तर क्षेत्रकामाची प्रश्नावली छापण्याआधी करा. माझ्या 22 पानी प्रश्नावलीतली नऊ पानं जुन्या उद्दिष्टांसाठी होती आणि ती 140 कुटुंबांकडून भरून घेऊन झाली होती.