विहिरीच्या मोटरला २.५ चौ.मिमी. केबल की ६?

मीटरपासून विहीर १५० मीटरवर, दीड एचपीची सिंगल फेज मोटर, करंट साधारण १० अँपिअर. जाऊन-येऊन तार ३०० मीटर होते, हेच बरेच जण विसरतात.

२.५ चौ.मिमी. तांब्याच्या केबलचा रोध सुमारे २.३ ओहम, म्हणजे २३ व्होल्ट वाटेतच जातात. २३० चे २०७ उरतात. सुरू होताना करंट तिप्पट झाला, तर घट ७० व्होल्टच्या घरात. मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही आणि वाइंडिंग तापते.

६ चौ.मिमी.मध्ये चालू मोटरवर घट जेमतेम १० व्होल्ट. महाग खरी, पण रिवाइंडिंगपेक्षा परवडते. व्होल्टेज मात्र मोटर चालू असतानाच, विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये मोजा; बंद मोटरवर पातळ तारही पूर्ण २३० दाखवते. मीटरवरच १८० येत असतील, तर जाड केबलचा उपयोग नाही.