किमी, मैल की सागरी मैल: बेलफास्ट-डब्लिन-लंडन ट्रिपमध्ये कुठे काय ठेवायचं

आमचा आतेभाऊ नागपूरच्या धरमपेठेतला, काकू-काकांना घेऊन आयर्लंड-इंग्लंडला चालला आहे, स्वतः गाडी चालवणार. परवा फोन करून विचारत होता की अरे मोबाईलच्या मॅपमध्ये किलोमीटर ठेवू का माईल, मला तर मैलाचं काहीच डोक्यात बसत नाही. त्याच्या ट्रिपमध्ये तिन्ही एककं एकामागोमाग येतात: बेलफास्टला मैल, डब्लिनला किलोमीटर, मधल्या समुद्रात सागरी मैल, आणि वेल्सला उतरलं की परत मैल. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून राहिलो.

आधी हिशोबाचं. मैल म्हणजे १.६०९ किमी, पण गाडीत बसून १.६०९ ने कोण गुणतं? आकड्यात त्याचा अर्धा मिळवा, मग दहावा भाग मिळवा, झालं. आपल्या झिरो माईलच्या दगडावर जबलपूर १७० मैल लिहिलंय, तर १७० + ८५ + १७ = २७२, खरं उत्तर साडे २७३ च्या आसपास, आणि आजचं रस्त्याचं अंतरही जवळपास तेवढंच आहे. उलटं करायचं असेल, किमीवरून मैल, तर ६ ने गुणून शेवटचा आकडा उडवा. १२० किमीचे ७२ निघतात, खरे साडे ७४ असतात. म्हणजे उत्तर थोडं कमी येतं, पण वेगाच्या बाबतीत कमी आलेलं बरंच.

पण भावाला मी म्हटलं की गाडी चालवताना हे करूच नको. किमी ठेवण्याचा फायदा एवढाच की अंतर किती हे चटकन मनाला समजतं, म्हणजे घरी बसून दिवसाचा प्लॅन आखायला किमी बेस्ट, बेलफास्ट ते डब्लिन साधारण १०५ मैल म्हणजे १६८-१६९ किमी, अर्थात नागपूरहून अमरावतीच्या थोडं पुढे, हे ऐकलं की काकूंनाही कळतं. रस्त्यावर मात्र बोर्ड ज्या एककात आहे त्यातच फोन आणि त्यातच स्पीडोमीटर ठेवायचा. फोन म्हणतो ८०० मीटरवर वळा आणि बोर्ड म्हणतो अर्धा मैल, दोन्ही एकच, पण हे कळेपर्यंत एक्झिट मागे जातं. ताशी ७० मैलाने अर्धा मैल सव्वीसेक सेकंदात संपतो.

त्यात ब्रिटनच्या बोर्डची एक गंमत, तिथे मैलासाठी नुसतं m लिहितात. आपण शाळेपासून m म्हणजे मीटर शिकलो, त्यामुळे ½ m दिसलं की माणूस बुचकळ्यात पडतो. त्याहून कमी अंतर यार्डात असतं, आणि यार्ड म्हणजे ०.९१ मीटर, तर सरळ मीटरच समजून चाला, काही बिघडत नाही.

खरा धोका बॉर्डरवर आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, तिथे मैल. दक्षिणेकडच्या आयर्लंड देशाने २० जानेवारी २००५ पासून वेगमर्यादा किमीत केल्या. आणि बॉर्डरवर ना नाका ना फाटक, न्यूरी मागे पडलं की तुम्ही गप्पा मारता मारता दुसऱ्या देशात. ओळखायचं कसं, तर आयर्लंडच्या वेगमर्यादेच्या गोल बोर्डवर आकड्याखाली km/h लिहिलेलं असतं, ब्रिटनच्या बोर्डवर नुसता आकडा असतो. आता भावाची गाडी बेलफास्टहून भाड्याने, म्हणजे काट्याचे मोठे आकडे मैलाचे. आयर्लंडमध्ये १०० चा बोर्ड बघून त्याने काटा १०० वर नेला तर गाडी ताशी १६० किमीने पळत असेल. म्हणून त्याने १०० ला ६२ आणि मोटरवेच्या १२० ला ७४, हे आकडे चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवायचे. गाडी डिजिटल मीटरची असली तर बॉर्डर ओलांडल्यावर कुठेतरी थांबून सेटिंगमधून किमी करून घ्यायचं, ते सगळ्यात सोपं. उलटा प्रकार, म्हणजे डब्लिनची गाडी घेऊन उत्तरेला जाणं, त्यात जीवाला धोका कमी पण ६० चा बोर्ड बघून ६० किमीने रांगत राहाल आणि मागचे वैतागतील.

मग फेरी, डब्लिन ते वेल्समधलं होलीहेड. इथे भावाने फोनवर जहाजाचं ॲप उघडलं तर वेग kn मध्ये, आणि हा मला म्हणे अठरा म्हणजे अठरा किमी का बापा, मग पोहोचणार कधी? kn म्हणजे नॉट, तासाला एक सागरी मैल. सागरी मैल वेगळाच, १.८५२ किमीचा, रस्त्याच्या मैलापेक्षा साधारण १५ टक्के मोठा. तो आला पृथ्वीच्या गोलावरून: अक्षांशाची एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जमिनीवर जेवढी भरते तेवढा. त्यामुळे समुद्राच्या नकाशावर उभ्या कडेची पट्टी हीच फूटपट्टी.

पण हीच युक्ती आडव्या कडेला लावली की फसता. डब्लिन बंदर साधारण ६ अंश १२ मिनिटं पश्चिम रेखांशावर, होलीहेड ४ अंश ३७ मिनिटांवर, फरक ९५ मिनिटं. म्हणून अंतर ९५ सागरी मैल? नाही. रेखांश ध्रुवाकडे एकत्र येत जातात, ५३ अंशावर रेखांशाची मिनिट फक्त ०.६ सागरी मैलाची उरते, म्हणजे अंतर ५७ च्या जवळपास, साधारण १०५ किमी. (आपल्या नागपुरात २१ अंशावर ती ०.९३ असते, त्यामुळे इथे फरक फारसा जाणवत नाही.) फेरीला सव्वातीन तास लागतात, म्हणजे सरासरी साडेसतरा नॉट, ३२ किमी ताशी. बंदरात हळू असते त्यामुळे मधे स्क्रीनवर वीसेक दिसले तर घाबरू नका. नॉटचे किमी करायला दुप्पट करा आणि त्यातून दहावा भाग वजा करा, २० चे ४०, वजा ४, ३६ झाले, खरे ३७. फेरीत कोणी तुम्हाला काही बदलायला लावत नाही, तिथे बघायची फक्त वेळ, म्हणून ॲप नॉटमध्येच राहू द्या.

होलीहेडला गाडी उतरली की चिठ्ठी काढून टाकायची, मीटर बदलला असेल तर परत मैलावर आणायचा. चेस्टर साधारण ८५ मैल, ८५ + ४२ + ८, १३५ किमी समजा.

राहिलं विमान. नागपूर-मुंबई हवेतून साधारण ६८४ किमी, म्हणजे ४२५ मैल किंवा ३६९ सागरी मैल. वैमानिक आणि कंट्रोल टॉवर सागरी मैल आणि नॉटमध्ये बोलतात, पण सीटसमोरच्या स्क्रीनवर जो माईल लिहिलेला असतो तो रस्त्याचाच, १.६ वाला. आणि हो, विमानाचं हे अंतर सरळ रेषेतलं, ते बघून रेल्वेचा अंदाज बांधू नका, सीएसएमटीपर्यंत रुळाने ८३७ किमी होतात. भाऊ हे ऐकून म्हणाला, मग मी विमानात काय सेट करू? म्हटलं तिथे झोप.