मंजुरी पत्रात विखरून ठेवलेल्या अटींनी भावाचे अठ्ठावीस हजार घेतले

माझ्या धाकट्या भावाने एका फायनान्स कंपनीकडून सहा लाखांचं पर्सनल लोन घेतलं होतं. दर 15 टक्के, मुदत 48 महिने, हप्ता 16,698 रुपये. वर्षभराने हातात पैसे आले म्हणून तो कर्ज बंद करायला गेला, तर कंपनीने शिल्लक मुद्दलाशिवाय 27,964 रुपये जादा मागितले. कर्ज देताना एजंटने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "सर, रिझर्व्ह बँकेने प्रीपेमेंट चार्ज बंदच केलाय, कधीही भरा आणि मोकळे व्हा." त्या भरवशावरच भावाने हे कर्ज निवडलं होतं.

मी हिशेबनीस आहे. ग्राहकांच्या कर्जांची कागदपत्रं रोज डोळ्यांखालून जातात. त्यामुळे भावाच्या मंजुरी पत्राची अकरा पानांची पीडीएफ घेऊन मी बसलो आणि कोऱ्या कागदावर ती नव्याने मांडली. ही फसवणूक कशी रचली होती ते तेव्हा कळलं. कंपनीने कागदावर खोटं काहीच लिहिलं नव्हतं. एकेका अटीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या पानांवर टाकले होते, आणि मधली जागा एजंटच्या तोंडी आश्वासनाने भरली होती.

आधी एजंटच्या वाक्याबद्दल. ते अर्धंच खरं होतं. रिझर्व्ह बँकेने प्रीपेमेंट चार्जला मनाई केली आहे ती फ्लोटिंग, म्हणजे मधे बदलू शकणाऱ्या दराच्या कर्जांवर, आणि तीही व्यक्तीने धंद्याखेरीज अन्य कारणासाठी घेतलेल्या. बँकांना हा नियम 2014 पासून आहे. जुलै 2025 च्या निर्देशांनी तो आणखी रुंद केला आणि 1 जानेवारी 2026 पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना लावला. पण दर फिक्स्ड असेल तर कंपनी आपल्या धोरणाप्रमाणे चार्ज घेऊ शकते, आणि पर्सनल लोन बहुतेक फिक्स्डच असतं. भावाच्या पत्रात हे होतं, पण पहिल्या पानावरच्या तक्त्यात 'दराचा प्रकार' या रकान्यात फक्त 'एफ' एवढं एक अक्षर. 'एफ' म्हणजे फिक्स्ड की फ्लोटिंग, याचा खुलासा थेट नवव्या पानावर.

मुदतीआधी फेडण्याची अट तर चार ठिकाणी विखुरलेली होती. पहिल्या पानावर: 'कर्जदारास मुदतपूर्व परतफेडीची मुभा राहील, अटी लागू.' चौथ्या पानावर: 'आकार परिशिष्ट ब प्रमाणे.' आठव्या पानावरच्या परिशिष्टात: पहिले सहा हप्ते होईपर्यंत बंद करता येणार नाही, त्यानंतर 5 टक्के अधिक जीएसटी. आणि दहाव्या पानावर, विम्याच्या मजकुराच्या शेजारी, हे वाक्य. मूळ इंग्रजी आहे, मी मराठीत देतो:

'मुदतपूर्व समाप्तीचा आकार काढताना, समाप्तीच्या दिनांकापूर्वीच्या बारा महिन्यांत कर्जदाराने केलेल्या सर्व अंशतः परतफेडींची रक्कम शिल्लक मुद्दलात मिळवून धरली जाईल.'

भावाने सहाव्या हप्त्यानंतर एक लाख रुपये भरले होते. अशा पार्ट पेमेंटला चार्ज नाही, हे पत्रातही लिहिलेलं होतं. बाराव्या हप्त्यानंतर शिल्लक मुद्दल राहिलं 3,73,963. त्यावर 5 टक्के म्हणजे 18,698, त्यावर 18 टक्के जीएसटी 3,366, एकूण 22,064 रुपये. पण दहाव्या पानावरच्या वाक्याने तो एक लाख परत हिशेबात आला. 4,73,963 वर 5 टक्के, अधिक जीएसटी, असे 27,964 झाले. बिनचार्ज म्हणून भरून घेतलेल्या एका लाखावर मागच्या दाराने 5,900 रुपये लागले.

दंडाचीही तीच गत. एकदा पगार उशिरा झाला आणि भावाचा हप्ता नऊ दिवस लांबला. पाचव्या पानावर लिहिलं होतं, 'थकीत हप्त्यावर दरमहा 2 टक्के.' नऊ दिवसांचे होतात साधारण 100 रुपये. कापले गेले 334, कारण परिशिष्टाखालच्या बारीक टीपेत होतं की महिन्याचा कोणताही भाग पूर्ण महिना धरला जाईल. त्याशिवाय ईसीएस, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, परत गेल्याचे 500 वेगळे, तो आकडा आणखी एका पानावर. वर 334 वर 60 रुपये जीएसटीही लावला होता. हा लावायचाच नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाखाली घेतल्या जाणाऱ्या दंडात्मक आकारावर जीएसटी नाही, हे जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने स्पष्ट झालं आहे. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर व्याज लावणंही 2024 पासून बंद आहे. तेव्हा स्टेटमेंटमध्ये दंडाच्या ओळीखाली जीएसटी दिसला, किंवा दंड कापल्यावर शिल्लक मुद्दल वाढलेलं दिसलं, तर तिथेच बोट ठेवा.

आता मी पत्र कसं मांडलं ते सांगतो, कारण हे काम सहीच्या आधी कोणालाही करता येतं. कागदावर तीन प्रश्न लिहायचे: कधी आणि किती भरायचं, उशीर झाला तर काय, लवकर फेडलं तर काय. मग पत्राचं पहिल्यापासून शेवटचं पान वाचत प्रत्येक वाक्य ज्या प्रश्नाचं असेल त्याखाली पान क्रमांकासकट उतरवायचं. विम्याच्या, ईसीएसच्या, 'सर्वसाधारण अटीं'च्या भागातलंही. 'परिशिष्टाप्रमाणे' असं आलं की तिथेच थांबून परिशिष्टातला आकडा उचलून आणायचा. 'कंपनीच्या वेळोवेळच्या धोरणानुसार' असं आलं तर समोर लाल शाईने 'आकडा नाही' असं लिहायचं. शेवटी प्रत्येक टक्क्याचे आपल्या कर्जापुरते रुपये करायचे, कारण '5 टक्के' वाचून काही वाटत नाही, '22,064' वाचलं की वाटतं.

भावाच्या पत्रातला तिसरा प्रश्न मांडल्यावर असा दिसला:

'लवकर फेडलं तर: दर फिक्स्ड आहे, त्यामुळे चार्ज लागतो (पान 1, 9). सहा हप्ते होईपर्यंत बंद करता येत नाही (पान 8). त्यानंतर शिल्लक मुद्दलाच्या 5 टक्के अधिक 18 टक्के जीएसटी (पान 8). बारा हप्त्यांनी बंद केलं आणि मधे काही भरलं नसेल तर मुद्दल सुमारे 4,81,700, चार्ज सुमारे 28,400. थोडी रक्कम भरली तर तेव्हा चार्ज नाही (पान 8), पण पुढच्या बारा महिन्यांत कर्ज बंद केलं तर त्या रकमेवरही 5 टक्के लागतील (पान 10). भरलेली रक्कम कोणत्या तारखेला मुद्दलातून वजा होणार: पत्रात नाही.'

बस, एवढ्या ओळी. मूळ पत्रात यासाठी चार पानं शोधावी लागत होती. कंपनीला हे असं छापता आलं असतं, त्यात कायद्याची काही अडचण नाही.

पहिला प्रश्न मांडताना परतफेडीचं वेळापत्रक नीट बघा, त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेलं असायला हवं. भावाने बारा हप्त्यांत 2,00,376 रुपये भरले, त्यातले सुमारे 74,300 व्याजातच गेले. मधे भरलेला एक लाख सोडला तर मुद्दल कमी झालं फक्त सुमारे 1,26,000 ने. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून लवकर बंद करायचं असेल तर चार्जचा आकडा शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा. पहिल्या हप्त्याची तारीखही दिनदर्शिकेतली असावी. पैसे खात्यात आल्यापासून हप्त्यांचं चक्र सुरू होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज अनेक ठिकाणी वेगळं कापतात आणि ते वेळापत्रकात दिसत नाही.

पुढे काय झालं ते सांगतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक रिटेल मुदत कर्जासोबत की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस देणं बंधनकारक आहे. त्यात सगळ्या आकारांसह वार्षिक दर, दंड, मुदतपूर्व आकार आणि वेळापत्रक असतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. केएफएसमध्ये न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. भावाच्या केएफएसमध्ये होतं 'शिल्लक मुद्दलाच्या 5 टक्के'. पार्ट पेमेंट मिळवण्याचा शब्दही नव्हता. त्याच कागदावर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथे माझी मांडणी, केएफएसचं पान आणि स्टेटमेंट जोडून लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, असंही लिहिलं. ती तक्रार cms.rbi.org.in वर करता येते. कंपनीने 5,900 आणि जीएसटीचे 60 परत केले. 22,064 मात्र गेले ते गेले, कारण तो आकार केएफएसमध्ये होता आणि एजंटच्या बोलण्याचा पुरावा नव्हता.

भावाला सही करायला दिलेला वेळ मला सगळ्यात जास्त खटकतो. लिंक आली रात्री, सोबत मेसेज, 'ऑफर आज बारापर्यंतच.' वास्तविक सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जात केएफएस वाचून होकार द्यायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, आणि तेवढे दिवस कंपनीला त्या अटी पाळाव्या लागतात. कोणी आजच ओटीपी द्या म्हणून मागे लागलं तर हा नियम तोंडावर सांगा.

गेल्या महिन्यात वहिनीच्या नावाने दुसऱ्या ठिकाणी कर्ज घ्यायचं ठरलं. या वेळी मांडणी आधी केली आणि सहीपूर्वी तिथल्या शाखेला ईमेल केला: 'मंजुरी पत्र व केएफएसवरून आम्हाला अटी अशा समजल्या आहेत. चूक असल्यास लेखी कळवावे.' असा कागद कराराची जागा घेत नाही, वाद झाला तर करारातला मजकूरच धरला जातो. पण त्याला आलेलं उत्तर हा तुमच्या हातातला लेखी पुरावा असतो. दुसऱ्या दिवशी शाखेचं उत्तर आलं, बाकी सगळं बरोबर म्हणून आणि एक ओळ दुरुस्त करून: थोडी रक्कम मधेच भरली तरी ती पुढच्या हप्त्याच्या तारखेलाच मुद्दलातून वजा होईल, तोवर पूर्ण रकमेवर व्याज चालू राहील. वहिनीने आता जादा रक्कम हप्त्याच्या आदल्या दिवशीच भरायचं ठरवलं आहे.