सहजीवन शिकवायला कोणता मासा घ्यावा : क्लीनर की क्लाउन?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली की 'सहजीवन' हा विषय कुणी ना कुणी घेतंच. आपल्याकडे हाताशी असलेलं उदाहरण म्हणजे म्हशीमागे चालणारा गायबगळा. पण तिथे फायदा मुख्यतः बगळ्याचा असतो. म्हशीच्या पायाने उडालेले किडे त्याला आयते मिळतात, म्हशीला मात्र त्यातून फारसं काही मिळत नाही. दोघांनाही लाभ दाखवायचा असेल तर समुद्रातल्या दोन जोड्या नेहमी पुढे येतात : मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर मासा, आणि समुद्रफुलाच्या शुंडकांत राहणारा क्लाउन मासा. दोन्ही खऱ्याच, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही क्लीनर मासा सुचवू. पाचवी ते सातवीसाठी क्लाउन मासा बरा.

क्लीनर मासा : फसवायची संधी असूनही तो का फसवत नाही?

प्रवाळ खडकांवर राहणारा निळ्या पट्ट्याचा क्लीनर जेमतेम बोटाएवढा असतो. तो ठरलेल्या एका जागी थांबतो आणि मोठे मासे आपणहून त्याच्याकडे येतात, पर पसरून, तोंड उघडून स्थिर राहतात. क्लीनर त्यांच्या कल्ल्यांत, अगदी तोंडातही शिरतो. तिथे तो मुख्यतः नॅथिड नावाचे रक्त पिणारे बारीक कवचधारी परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटाजवळ अलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या मोजणीत एक क्लीनर दिवसाला सुमारे 1,200 परजीवी खातो असं दिसलं.

खरी गंमत इथून पुढे आहे. क्लीनरला परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरचा चिकट थर जास्त आवडतो. तो ओरबाडला की ग्राहक माशाचं नुकसान होतं. म्हणजे दोघांचं हित पूर्ण जुळत नाही. मग ही जोडी टिकते कशी? चावा बसला की ग्राहक झटका देतो. पाण्याखाली निरीक्षण करणारे फसवणूक ओळखतात ती याच झटक्यावरून. त्यानंतर जो मासा एकाच जागी राहतो, त्याच्याजवळ दुसरा क्लीनर नसतो, म्हणून तो चिडून पाठलाग करतो. जो लांबून फिरत येतो तो सरळ दुसऱ्या क्लीनरकडे जातो, आठवडे बाजारात मापात मारणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत जात नाही तसं. म्हणूनच दोघे एकदम आले तर क्लीनर सहसा फिरत्या माशाला आधी घेतो. राहता मासा वाट पाहणार हे ठरलेलंच असतं. आणि बाजूला कुणी मासा बघत असेल तर क्लीनर चिकट थराला कमी तोंड लावतो.

हे वर्गात करून दाखवता येतं. रेडुआन ब्शारी आणि ग्रटर यांनी क्लीनरसमोर काचेसारख्या पारदर्शक पट्ट्या धरल्या होत्या. त्यावर माशांचं साधं खाद्य आणि क्लीनरला जास्त आवडणारी कोळंबी होती. कोळंबी खाल्ली की पट्टी लगेच काढून घेत. मासे आधी नावडतं खाद्य खायला शिकले. तुम्ही एका पुठ्ठ्यावर सहा फुटाणे आणि दोन चॉकलेटं ठेवा. विद्यार्थ्याला नियम सांगू नका. त्याने एका वेळी एकच वस्तू उचलायची. फुटाणा उचलला तर पुठ्ठा तिथेच राहतो, चॉकलेट उचललं की तुम्ही पुठ्ठा ओढून घ्यायचा. पहिल्याच फटक्याला चॉकलेट घेणाऱ्याच्या हाती एक वस्तू लागते. सहा फुटाणे संपवून मग चॉकलेट घेणाऱ्याला सात मिळतात. प्रत्येकाला सहा-सात फेऱ्या द्या आणि किती वस्तू मिळाल्या ते फेरीनुसार फळ्यावर मांडा. आकडा सातकडे सरकताना दिसला की मुलांना कारण सांगावं लागत नाही. एक काळजी घ्या : इतर मुलं बघत असतील तर ती नियम आधीच ओळखतात आणि चढता आलेख दिसतच नाही. एकेकाला वेगळं बोलवा.

क्लाउन मासा : घर एकच, म्हणून भांडण कमी

समुद्रफूल हा प्राणी आहे, वनस्पती नाही. हे पोस्टरवर पहिल्याच ओळीत लिहा, कारण नावामुळे मुलं हमखास चुकतात. गालिच्यासारखी मोठी समुद्रफुलं जवळजवळ मीटरभर रुंद होतात. त्यांच्या शुंडकांतल्या दंशपेशी लहान मासे मारू शकतात. क्लाउन मासा वाचतो तो जाड कातडीमुळे नाही. दंशपेशी सुटायला चिथावणी देणारं सियालिक आम्ल त्याच्या अंगावरच्या चिकट थरात फार कमी असतं. काही जातींचे मासे नव्या समुद्रफुलात थेट न शिरता आधी थोडं थोडं अंग लावून पाहतात.

माशाला मिळतो तो आसरा. शिकारी मासे जवळ येत नाहीत आणि अंडी समुद्रफुलाच्या बुडाशी खडकावर सुरक्षित राहतात. समुद्रफुलाला काय मिळतं, हे सांगताना बहुतेक प्रकल्प 'मासा त्याला अन्न आणून देतो' एवढ्यावर थांबतात. ते अपुरं आहे. माशाच्या उत्सर्गातला अमोनिया समुद्रफुलाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांना खत म्हणून मिळतो, आणि ही शैवालं प्रकाशातून साखर बनवून समुद्रफुलाला पोसतात. रात्री मासा शुंडकांमध्ये हलत राहतो, त्यामुळे पाणी खेळतं आणि प्राणवायू पोचतो. शिवाय समुद्रफूल कुरतडणाऱ्या फुलपाखरू माशांना तो हुसकावतो.

इथे फसवणुकीला जागा कमी. क्लाउन मासा एकदा स्थिरावला की सहसा तिथेच आयुष्य काढतो. घर खराब झालं तर त्याचंच नुकसान.

जोडी तोडली तर?

निवड ठरवायला आमच्या मते हाच सर्वांत चांगला निकष आहे. लिझार्ड बेटाजवळ काही छोट्या खडकांवरून क्लीनर 18 महिने सतत काढून टाकले. खडकाखडकांमध्ये फिरणाऱ्या माशांच्या जाती तिथे निम्म्या झाल्या आणि संख्या चौथाईवर आली. क्लाउन माशाच्या बाबतीत परिणाम दोन्हीकडे सारखा नसतो. समुद्रात समुद्रफुलाशिवाय क्लाउन मासा टिकत नाही. समुद्रफूल मात्र माशाविना जगू शकतं, पण काही जाती फुलपाखरू माशांच्या तोंडी सापडतात. 'दोघांनाही फायदा' म्हणजे 'दोघांनाही सारखीच गरज' नव्हे, हे शिकवायला ही जोडी उत्तम.

जिवंत मासे ठेवावेत का?

प्रदर्शनापुरते तर मुळीच नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीला साधारण 25 ते 27 अंश तापमान लागतं. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांपर्यंत जातो, म्हणजे चिलर हवा आणि वीज गेली तर त्यासाठी बॅकअपही. क्लीनर मासा टाकीत बहुधा उपाशी मरतो, कारण त्याला पुरतील इतके परजीवी तिथे नसतात आणि साधं खाद्य तो अनेकदा घेत नाही. टाकीतच जन्मलेला क्लाउन मासा अनुभवी माणसाकडे चांगला जगतो, समुद्रफुलाशिवायही. पण मग मुलांना दिसतो फक्त एक केशरी मासा. समुद्रफूल सोबत ठेवायचं तर तीव्र प्रकाश आणि अनेक महिने जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. नव्या टाकीत ते आक्रसतं, जागा बदलत फिरतं, पंपात अडकून मेलं तर एका रात्रीत सगळं पाणी नासतं. तेव्हा क्लाउन माशासाठी चित्रफीत दाखवा, आणि क्लीनरसाठी पुठ्ठा, फुटाणे नि चॉकलेटं पुरे.